गिअरबॉक्सची असेंब्ली फिरायची थांबते आणि मेट लाल होतात, तेव्हा कुठून बघायला सुरुवात करायची

हे सॉलिडवर्क्समध्ये गिअरबॉक्स जोडणाऱ्यांसाठी आहे; मेट म्हणजे पार्ट्सना एकमेकांशी बांधणाऱ्या अटी. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

काल संध्याकाळपर्यंत माऊसने इनपुट शाफ्ट ओढला की सगळी गिअर्स फिरत होती. आज एक साधा मेट टाकला, किंवा जुन्याच मेटमधला एक आकडा बदलला, आणि डावीकडच्या यादीत एकदम दहा-बारा ठिकाणी खुणा उमटल्या. पार्टच्या नावाआधी जिथे (-) होतं, म्हणजे पार्ट अजून मोकळा होता, तिथे (+) आलं, म्हणजे तो गरजेपेक्षा जास्त बांधला गेला. Mates फोल्डरमध्ये काही मेट लाल, काही पिवळे. ज्यांना तुम्ही हातही लावला नाही, असे बेअरिंगचे मेटसुद्धा त्यात सापडले.

याच दुखण्याचं दुसरं रूप जास्त फसवं असतं. लाल काहीच नसतं, पण शाफ्ट फिरत नाही. खुणा नाहीत म्हणून लोक इकडे लक्ष देत नाहीत आणि पुढचा मेट टाकतात. मग त्या पुढच्या मेटवर सगळा आळ येतो.

गिअर्स फिरतात पण दाते एकमेकांत घुसतात, असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. गिअर मेटला दाते दिसतच नाहीत. तो फक्त दोन अक्षांच्या फिरण्याचं प्रमाण बांधतो. दाते घुसतात का ते Interference Detection मध्ये तपासायचं.

बेळगावला उद्यमबागेत आमचं जॉबवर्कचं शॉप आहे. खाली मशिन्स, वर माळ्यावर डिझाइनची दोन टेबलं. खानापूर, निपाणी, पलीकडून चंदगड-गडहिंग्लजची पोरं प्रोजेक्टच्या फायली घेऊन येतात, आणि गिऱ्हाइकांच्या फायली तर रोजच्याच. चाळीस-पन्नास गिअरबॉक्स तरी असे सोडवले असतील. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. जास्तीचे मेट एकमेकांशी जुळत असतील तोवर सॉलिडवर्क्स गप्प बसतं. पार्ट हलला आणि त्यांच्यातलं जुळणं मोडलं की मगच ते तक्रार करतं. म्हणून शेवटी टाकलेला मेट बहुतेक वेळा निर्दोष असतो. खरा दोष चार दिवसांपूर्वी शिरलेला असतो.

पहिली पाच मिनिटं

काहीही उपटण्याआधी File मेनूतून Pack and Go करून अख्ख्या असेंब्लीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नुसती असेंब्लीची फाइल कॉपी केली तर ती मूळ पार्ट्सकडेच बोट दाखवत राहते आणि तुम्ही प्रतीत केलेले बदल मूळ पार्टमध्ये जाऊन बसतात.

मग Ctrl+Q दाबा. हा पूर्ण रीबिल्ड असतो. Ctrl+B फक्त बदललेलं तेवढंच पुन्हा मांडतो, त्यामुळे जुन्या खुणा कधीकधी तशाच राहतात. Ctrl+Q नंतर लाल गेलं आणि शाफ्ट फिरला तर प्रश्न मिटला.

नाही गेलं, तर शेवटचा मेट डिलीट करू नका, सप्रेस करा. सप्रेस केल्यावर लाल गेलं की लगेच शाफ्ट ओढून बघा. लाल जाणं ही अर्धीच परीक्षा आहे, शाफ्ट फिरला तरच पास.

लाल आणि पिवळ्यातला फरक

लाल मेट म्हणजे जो पाळला जात नाहीये. पिवळा म्हणजे जो पाळला जातोय पण या भांडणात सामील आहे. नवीन माणूस लाल दिसला की तो काढतो, मग दुसरा लाल होतो, तो काढतो, आणि अर्ध्या तासात बेअरिंग हाऊसिंगच्या बाहेर तरंगत असतं. भांडणात जो ओरडतो त्याचीच चूक असते असं नाही.

Mates फोल्डरवर राइट-क्लिक करून MateXpert उघडा आणि Diagnose दाबा. एकमेकांशी भांडणाऱ्या मेट्सचे छोटे गट तो वेगळे काढून देतो. न पाळला जाणारा मेट ठळक अक्षरांत असतो आणि तो किती मिलिमीटरने किंवा किती अंशांनी चुकतोय तेही दिसतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढचा सगळा रस्ता तोच दाखवतो. चूक ०.००४ मिमी असेल तर प्रश्न भूमितीच्या बारीक विसंगतीचा. २० अंश असेल तर प्रश्न यंत्राच्या समजुतीचा.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

नावाआधी (f) कशाला आहे ते बघा. (f) म्हणजे जागेवर खिळलेला पार्ट. गिअरबॉक्समध्ये तो मान फक्त हाऊसिंगचा. गिऱ्हाइकाकडून आलेल्या स्टेप फाइलमध्ये बऱ्याचदा सगळेच पार्ट खिळून आलेले असतात, आणि शाफ्ट खिळलेला असताना त्यावर गिअर मेट टाकला की दोघांचं जमणार नाहीच. पार्टवर राइट-क्लिक करून Float करा.

त्यानंतर कॉन्सेंट्रिक मेटमधली Lock rotation ची खूण. बोल्टसाठी ती छान असते, बोल्ट उगाच फिरत नाही. पण शाफ्ट आणि बेअरिंगच्या मेटवर ती चुकून राहिली तर शाफ्टचं फिरणं तिथेच संपलं. प्रत्येक फिरत्या शाफ्टवर आणि गिअरवर राइट-क्लिक करून View Mates उघडा आणि एकेक कॉन्सेंट्रिक तपासा. मी हे कधीच टाळत नाही, कारण माळ्यावर येणाऱ्या फायलींत हे कारण वारंवार सापडतं.

तिसरं, दाते जुळवायला टाकलेला तात्पुरता मेट. गिअर मेट टाकण्याआधी एकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेत बसावा म्हणून आपण दोन प्लेनमध्ये पॅरलल किंवा कोइन्सिडंट मेट टाकतो. पद्धत बरोबर आहे. पण दाते बसले की तो मेट सप्रेस करायचा आणि मगच गिअर मेट टाकायचा. तो जागा राहिला तर एक मेट म्हणतो फीर, दुसरा म्हणतो याच कोनात थांब. अशा मेटला टाकतानाच TEMP असं नाव द्या, म्हणजे नंतर शोधावा लागत नाही.

आणि गिअर मेटचं प्रमाण. तुम्ही ज्या गोल कडा निवडता त्यांच्या व्यासावरून सॉलिडवर्क्स प्रमाण स्वतःच भरतं. एका गिअरचा बोअर आणि दुसऱ्याचा हब निवडला गेला तर तो आकडा अर्थहीन असतो. तो पुसून दात्यांची संख्या टाइप करा. एकच जोडी असेल तर चुकीच्या प्रमाणाने लाल होत नाही, नुसतं चुकीचं फिरतं. पण दोन-तीन जोड्या एकाच शाफ्टवर परत येऊन मिळत असतील तर हाच चुकीचा आकडा भांडण लावतो.

शाफ्टला दोन्ही टोकांना कॉन्सेंट्रिक

इथून थोडी मेहनत लागते. अवकाशातल्या सुट्या पार्टला सहा मोकळिकी असतात, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. एक कॉन्सेंट्रिक मेट त्यातल्या चार घेतो. उरतं अक्षाभोवती फिरणं आणि अक्षावर सरकणं. शाफ्टचा खांदा बेअरिंगच्या तोंडाला कोइन्सिडंट केला की सरकणं जातं आणि फिरणं तेवढं उरतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टला हवं ते इतकंच.

पण खऱ्या शाफ्टला दोन बेअरिंग असतात, म्हणून माणूस सवयीने दुसऱ्या टोकालाही कॉन्सेंट्रिक टाकतो. हाऊसिंग तुम्ही स्वतः काढलं असेल आणि दोन्ही बोअर एकाच स्केचमधून आरपार कापले असतील, तर हा जास्तीचा मेट गप्प राहतो. हाऊसिंग स्टेप फाइलमधून आलं असेल, किंवा डावी-उजवी भिंत वेगवेगळे पार्ट असतील, तर दोन बोअरचे अक्ष हजारांश मिलिमीटरने वेगळे असतात आणि शाफ्टला दोन्ही पाळता येत नाहीत.

इलाज सोपा आहे, एका शाफ्टला एकच कॉन्सेंट्रिक. दुसरं बेअरिंग शाफ्टवर बसवा, हाऊसिंगच्या बोअरशी त्याचा मेट टाकूच नका. नव्या व्हर्जन्समध्ये कॉन्सेंट्रिक मेटला थोडी चूक चालवून घेण्याची सोय आहे, पण माझा सल्ला आहे की आधी Measure ने दोन अक्षांतलं अंतर मोजा. हजारांशात असेल तर पुढे जा. ०.१ किंवा ०.२ मिमी निघालं तर ती सॉफ्टवेअरची अडचण नाही, हाऊसिंग चुकीचं आहे. तिथे चूक चालवून घेतली तर तीच चूक ड्रॉइंगमध्ये, पॅटर्नमध्ये आणि शेवटी फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगमध्ये उतरते.

सबअसेंब्ली कडक आहे का

शाफ्ट, त्यावरची गिअर्स आणि बेअरिंग यांची वेगळी सबअसेंब्ली करून मुख्य असेंब्लीत आणली असेल तर सॉलिडवर्क्स तिला एकच ठोकळा समजतं. आत तुम्ही कितीही मोकळं ठेवलेलं असो, बाहेर ते सगळं एकत्रच फिरेल. Component Properties मध्ये Solve as खाली Rigid असतं, ते Flexible करा. मात्र जिथे गिअर शाफ्टवर कीने पक्का आहे तिथे Rigid राहू द्या. सगळं Flexible केलं तर असेंब्ली जड होते आणि नको तिथे सुटी होते.

एकाच वेळी दोन गिअर पडलेले

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शिकवणारं कारण हे. गेल्या पावसाळ्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा खानापूरहून लॅपटॉप घेऊन आला होता. शेतीच्या छोट्या यंत्रासाठी दोन वेगांचा गिअरबॉक्स. इनपुट शाफ्टवर १८ आणि २५ दात्यांची गिअर्स कीने पक्की. आउटपुट शाफ्टवर ४२ आणि ३५ दात्यांची. मॉड्यूल २.५. दोन्ही जोड्यांची बेरीज ६०, म्हणून दोन्हींचं केंद्रांतर ७५ मिमी. हिशेबात काडीचीही चूक नव्हती.

त्याने इनपुट शाफ्टला एक Angle मेट दिला होता, कोन बदलून गिअरबॉक्स फिरवून दाखवायला. कोन शून्य असताना सगळं शांत. शून्याचे ७० केले की अकरा मेट पेटले. Angle मेट काढला की लाल गेलं.

“दादा, लाल गेलं बघा. पण आता फिरतच नाही.”

“गेलं नाही, लपलंय. ४२ चं गिअर आउटपुट शाफ्टला कसं बांधलंस?”

“कॉन्सेंट्रिक, आणि कीवेच्या प्लेनला पॅरलल.”

“आणि ३५ चं?”

“तसंच.”

मी त्याला खाली नेलं. ओव्हरहॉलला आलेला एक जुना गिअरबॉक्स बाकावर उघडाच होता. आउटपुट शाफ्ट व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवलेला. त्याला म्हटलं, शाफ्ट एका हाताने धर आणि मोठं गिअर बोटाने फिरव. गिअर तेलकट बुशवर अलगद फिरलं, शाफ्ट जागेवरच. मग मधली स्लीव्ह गिअरकडे सरकवली, डॉगचे दात टक्कन बसले, आणि आता गिअर फिरवलं की शाफ्टही सोबत. स्लीव्ह दुसऱ्या बाजूला ढकलली की पहिलं गिअर पुन्हा मोकळं. तो बराच वेळ स्लीव्ह इकडून तिकडे करत राहिला.

त्याच्या मॉडेलमध्ये स्लीव्ह होती, पण शोभेची. दोन्ही गिअर्स कायमची शाफ्टला बांधलेली. इनपुट ७० अंश फिरलं तर १८-४२ ची जोडी म्हणते आउटपुट ३० अंश फिरायला हवा. २५-३५ ची जोडी म्हणते ५० अंश. एकच शाफ्ट एकाच वेळी ३० आणि ५० अंश कसा फिरेल? दोन्हींचं पटतं ते फक्त शून्यावर. म्हणून शून्यावर शांतता होती, आणि म्हणूनच Angle मेट काढल्यावर लाल नव्हतं पण हालचालही नव्हती. MateXpert ने दाखवलेली चूक २० अंशांची होती, म्हणजे बरोबर ५० आणि ३० मधला फरक.

मोजून बघितलं तरी तेच निघतं. फिरण्याच्या मोकळिकी चार: इनपुट शाफ्ट, ४२ चं गिअर, ३५ चं गिअर, आउटपुट शाफ्ट. दोन गिअर मेट्सनी दोन घेतल्या, दोन पॅरलल मेट्सनी उरलेल्या दोन. हातात शून्य. पाचवा मेट आला की भांडण होणारच. खऱ्या यंत्रात असं जोडलं असतं तर गिअरबॉक्स जाम झाला असता आणि मोटर लावल्यावर की तरी तुटली असती किंवा दाता तरी. सॉफ्टवेअर खरंच बोलत होतं.

दुरुस्ती अशी केली. ४२ आणि ३५ दोन्ही गिअर्सना शाफ्टशी फक्त कॉन्सेंट्रिक आणि खांद्याला एक कोइन्सिडंट ठेवला, फिरणं मोकळं सोडलं. स्लीव्हला शाफ्टशी कॉन्सेंट्रिक आणि एक पॅरलल दिला, म्हणजे ती शाफ्टसोबत फिरते आणि स्प्लाइनवर सरकते. इथे प्लेनला प्लेन कोइन्सिडंट करायचा मोह टाळा. ते प्लेन अक्षातून अगदी नेमकं जात नसेल तर कॉन्सेंट्रिकशी त्याचं भांडण लागतं. पॅरललला अंतराशी देणं-घेणं नसतं. स्लीव्हची जागा एका Distance मेटने ठरवली: एका टोकाला ०, मध्ये ८, दुसऱ्या टोकाला १६ मिमी.

मग दोन कुलपं, DOG-1 आणि DOG-2. पहिलं स्लीव्ह आणि ४२ च्या गिअरमधला पॅरलल मेट, दुसरं स्लीव्ह आणि ३५ च्या गिअरमधला. पहिलं टाकून झालं की ते सप्रेस करूनच दुसरं टाकायचं, दोन्ही एका क्षणासाठीही सोबत जागी ठेवायची नाहीत. आणि तीन कॉन्फिगरेशन: NEUTRAL मध्ये दोन्ही सप्रेस आणि अंतर ८, GEAR-1 मध्ये फक्त DOG-1 जागा आणि अंतर ०, GEAR-2 मध्ये फक्त DOG-2 जागा आणि अंतर १६. अंतराचा आकडा बदलताना This Configuration निवडायला विसरू नका, नाहीतर तिन्हीकडे एकच आकडा जातो. प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या Properties मध्ये Suppress new features and mates ला खूण करा. ती नसली की पुढे एका कॉन्फिगरेशनमध्ये टाकलेला मेट बाकीच्यांतही जागा होतो आणि दुखणं परत येतं.

तपासणी Angle मेटनेच केली, ज्याच्यावर आळ आला होता त्यानेच. GEAR-1 मध्ये इनपुट ७० अंश, Measure ने आउटपुट ३०. GEAR-2 मध्ये ७० ला ५०. NEUTRAL मध्ये इनपुट फिरतं, दोन्ही मोठी गिअर्स आपापल्या वेगाने फिरतात, आउटपुट शाफ्ट स्वस्थ. लाल कुठेच नाही.

सबअसेंब्ली Rigid राहिली तरी नेमकं हेच होतं, फक्त दुसऱ्या वाटेने. म्हणून ती तपासणी मी याच्या आधी ठेवली आहे.

कुठे थांबायचं

दोन तास झाले आणि MateXpert मधला गट लहान होत नसेल तर थांबा. त्यापुढे माणूस चांगले मेट मोडायला लागतो, हे मी माझ्या टेबलावरच बघितलंय.

दोन बोअरच्या अक्षांत मोजण्याजोगा फरक असेल तर मेटशी खेळणं बंद करून ज्याने हाऊसिंग डिझाइन केलं त्याला फोन करा. तो आकडा बदलण्याचा हक्क तुमचा नाही, आणि कास्टिंग आधीच झालं असेल तर आणखीच नाही. ग्रहीय गिअरचा टप्पा असेल, जिथे कॅरिअरही फिरतो, तर ज्याने तसं मॉडेल आधी चालवलंय अशा माणसाला सोबत घ्या. तिथे साध्या जोडीसारखं प्रमाण टाकून भागत नाही. दात्यांवरचा जोर किंवा खरा संपर्क बघायचा असेल तर ते मेटचं काम नाही, मोशन स्टडी करणारा माणूस गाठा. आणि Mates फोल्डरमधल्या बहुतेक मेट्सना त्यांच्या कडा-पृष्ठभागच सापडत नसतील, तर कुणीतरी पार्ट बदलून त्याच नावाने सेव्ह केलाय. एकेक मेट जोडत बसण्यापेक्षा जुनी प्रत शोधणं स्वस्त पडतं. लायसन्सवर सपोर्ट चालू असेल तर विक्रेत्याच्या इंजिनिअरला विचारा, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात.

कुणालाही फाइल पाठवताना Pack and Go ची झिप पाठवा, नुसती असेंब्लीची फाइल नको. सोबत MateXpert चा स्क्रीनशॉट, सॉलिडवर्क्सचं व्हर्जन, आणि एका ओळीत लिहा की कोणता शाफ्ट फिरायला हवा आणि कोणता पार्ट त्याच्यावर मोकळा असायला हवा. व्हर्जन आधी सांगा, नव्या व्हर्जनमधली फाइल जुन्यात जशीच्या तशी उघडत नाही, आणि समोरच्याचा दिवस त्यातच जातो.